आंबा खराब निघाल्याची तक्रार: कैफियत मांडू नका, उत्तर द्या

प्रश्न: आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन आम्ही पेट्या थेट घरपोच पाठवतो. पुण्याच्या एका ताईंना चार डझनांची पेटी 4,800 रुपयांना दिली. शनिवारी पोचली, आणि पुढच्या शुक्रवारी त्यांचा निरोप आला: "कच्चे होते म्हणून ठेवले. काल सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आमरसासाठी कापले तर आतून पांढरे आणि आंबट. काही देठाकडून काळे. बरेच सुरकुतलेत. निम्मी पेटी वाया गेली, पाहुण्यांपुढे लाज गेली. सगळे पैसे परत करा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर आणि गूगलवर टाकीन." फोटोंत सात कापलेले आंबे, चार देठाकडे काळे आणि सहा सुरकुतलेले दिसतात.

मी हे उत्तर लिहिलं आहे: "नमस्कार. आमच्याकडून पेटी एकदम चांगली पाठवली होती. आजपर्यंत अशी तक्रार कोणीच केलेली नाही. तुम्ही आंबे नीट पिकवले नसतील किंवा फ्रीजमध्ये ठेवले असतील. साका नैसर्गिक असतो, त्यात आमचा दोष नाही. शिवाय तक्रार 48 तासांत करायची असते, तसं पेटीवर छापलेलं आहे. तरी तुमची गैरसोय झाली असेल तर क्षमस्व. पूर्ण पैसे मिळणार नाहीत. ग्रुपवर टाकायचं तर टाका, आमचे ग्राहक आम्हाला ओळखतात." भाऊ म्हणतो, हे भांडण वाटतं. अजून पाठवलेलं नाही. पूर्ण पैसे देणं परवडणारं नाही. नमतं न घेता समजुतीनं कसं लिहू?

— एक बागायतदार

उत्तर: पाठवलं नाहीत हे बरं झालं. भाऊ म्हणतो ते खरंच आहे, पण भाषा मवाळ करून हे उत्तर सुधारणार नाही. "कृपया" आणि "आपण" घालून हेच पुन्हा लिहिलंत तरी ताईंना ते तसंच लागेल. याचं कारण असं, की हे उत्तर त्यांना उद्देशून लिहिलेलंच नाही. तुमच्या मनात कुणीतरी पंच बसला आहे आणि त्याच्यापुढे तुम्ही आपली बाजू मांडता आहात: माल चांगला होता, आधी कुणी तक्रार केली नाही, दोष निसर्गाचा, मुदत संपली, ग्राहक आम्हाला ओळखतात. ताईंना मात्र दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपलं म्हणणं याला कळलं का, आणि आता हा काय करणार? तुमच्या मजकुरात पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं आहे ते एका नकारात.

म्हणून शब्दांच्या आधी वस्तुस्थिती नीट लावून घ्या. समजुतीचं लिहायचं असो की ठाम, दोन्हीला तोच आधार आहे. फोटो पुन्हा उघडा आणि आंबे तीन ढिगांत मोजा.

पहिला ढीग सात कापलेल्या आंब्यांचा. साल पिवळी, वास ठीक, आणि आत कोयीभोवतीचा गर फिकट, पांढुरका, स्पंजासारखा, चवीला आंबट. हा साका, हे तुम्ही ओळखलंत. पण तुमच्या उत्तरातलं पुढचं वाक्य त्याच्याशी जुळत नाही. साका फळाच्या आत धरतो, बाहेरून दिसत नाही आणि कापल्याशिवाय कळत नाही. घरी पिकवण्यात चूक झाली म्हणून तो होत नाही. झाडावर फळ गरजेपेक्षा जास्त तयार होऊ दिलं, किंवा काढल्यावर ते तापल्या जमिनीवर नि उन्हात राहिलं, तर त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून तर 14 आणे तयार झालेलं फळ उतरवायचं आणि लगेच सावलीत घ्यायचं, ही बागेतली शिस्त आहे. याचा अर्थ साक्यावर थोडाफार ताबा बागायतदाराचा असतो, ग्राहकाचा अजिबात नसतो. एकाच उत्तरात "तुम्ही नीट पिकवले नसतील" आणि "साका नैसर्गिक असतो" ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात. ताईंना कोकणातला कुणी माहितगार भेटला तर तो हे एका मिनिटात दाखवून देईल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही.

दुसरा ढीग देठाकडे काळे पडलेल्या चार आंब्यांचा. ही देठकुज. बुरशी बागेतूनच फळाबरोबर येते, कच्च्या फळात गप्प असते आणि फळ पिकायला लागलं की देठापासून पसरते. बंद पेटीत, उष्ण आणि कोंदट हवेत ती वेगानं वाढते. इथे ग्राहकाचा थोडा हात असू शकतो. पेटी चार दिवस बंदच ठेवली नसती तर चाराऐवजी दोनच आंबे गेले असते, असं म्हणता येईल. पण पेटी मिळताच उघडा, आंबे मोकळे पसरून ठेवा, असं तुम्ही त्यांना कळवलं होतं का? पेटीवर तुम्ही 48 तास छापलेत. ठेवायचं कसं, याबद्दल तुमच्या पत्रात काही दिसत नाही. जे सांगितलंच नव्हतं ते केलं नाही म्हणून ग्राहकाला जबाबदार धरता येत नाही. हे चार आंबे तुमच्या खात्यात घ्या.

तिसरा ढीग सहा सुरकुतलेल्या आंब्यांचा, आणि तुमचा ठामपणा खऱ्या अर्थानं इथे लागणार आहे. हापूस पूर्ण पिकला की साल सैल पडते आणि बारीक सुरकुत्या येतात. तो खराब नसतो, उलट बरेच जण त्याच वेळी खातात. पण एक अपवाद आहे. साल सुरकुतली आहे, रंग मात्र हिरवटच आहे आणि वास नाही, तर फळ कोवळं काढलेलं होतं. ते नीट पिकणार नाही आणि गोडही लागणार नाही. तसं असेल तर तेही तुमचंच. फोटोत रंग दिसतो, वास येत नाही, म्हणून या सहांचा निकाल तुम्ही परस्पर लावू नका. एक आंबा कापून बघायला सांगा.

आता हिशेब सोपा झाला. पेटीत 48 आंबे, किंमत 4,800, म्हणजे आंब्याला 100 रुपये. नक्की खराब 11, त्यांचे 1,100 रुपये. सहांचा निर्णय बाकी. ताई "निम्मी पेटी" म्हणतात तेव्हा त्यांनी 11 आणि 6 मिळून 17 धरले असणार, आणि रागात 17 आंबे म्हणजे निम्मी पेटी वाटते. तो आकडा खोडायला जाऊ नका. "निम्मी नाही, फक्त 11" हे खरं असलं तरी वाचणाऱ्याला "तुम्ही खोटं बोलता" असंच ऐकू येतं. तुमची मोजणी तुम्ही शांतपणे मांडा. त्यांची मोजणी चूक आहे, हे म्हणायची गरजच पडणार नाही.

48 तासांच्या अटीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुम्हाला ती तुमची सर्वांत भक्कम बाजू वाटते आणि ती सर्वांत कच्ची आहे. तुम्ही कच्चा आंबा पाठवता. तो पिकायला पाच-सहा दिवस सहज जातात, आणि साका कापल्यावरच दिसतो. म्हणजे जो दोष दोन दिवसांत कळणं शक्यच नाही, त्याची तक्रार दोन दिवसांत करा, असं ही अट सांगते. वाहतुकीत पेटी फुटली, फळं चेपली, डझन कमी भरले, एवढ्यापुरती ती ठीक आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर 30 दिवसांत पैसे परत करण्याचं कलम त्यात आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत 48 तासांचा उल्लेख जरूर आहे, पण तो उलट बाजूचा: तक्रार आली की ती मिळाल्याची पोच विक्रेत्यानं 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डर घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं. तेव्हा या उत्तरात 48 तासांचा उल्लेख पूर्ण काढून टाका.

मग ठाम राहायचं कशाच्या जोरावर? सरळ गोष्टीच्या: चांगली निघालेली फळं त्यांच्याकडे आहेत, काही खाऊनही झाली आहेत. त्यांचे पैसे परत मागणं रास्त नाही. हे कारण आंब्यातूनच निघालेलं आहे, म्हणून ते समोरच्याला पटतं. "आमच्या पॉलिसीत बसत नाही" हे कारण नव्हे. पॉलिसी तुम्हीच लिहिली आहे, तुम्हीच बदलू शकता, हे ताईंना कळतं.

आता तुमच्या मजकुरातली वाक्यं बघू.

"आमच्याकडून पेटी एकदम चांगली पाठवली होती." त्यांच्या ताटात पांढरा आंबा पडलाय आणि तुमचं पहिलंच वाक्य म्हणतं की तसं झालेलंच नाही. हे काढा. पहिल्या वाक्यात त्यांचा तपशील यायला हवा, तोही त्यांनीच दिलेला: पंचाहत्तरी, आमरस, पाहुणे. "तुमच्या भावना समजू शकतो" हे कुणालाही पाठवता येतं. "सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मागवलेले आंबे ऐन वेळी असे निघाले" हे फक्त त्यांनाच लिहिता येतं. एवढं एकच वाक्य पुरे. तीन वाक्यं हळहळ केलीत तर नाटकी वाटेल, आणि पुढे पैशाचा मुद्दा आला की ती हळहळ गोड बोलून नकार देण्याची तयारी होती असं वाटेल.

"आजपर्यंत अशी तक्रार कोणीच केलेली नाही." खरं असलं तरी याचा अर्थ "तुम्हीच तेवढ्या कटकट्या" असा होतो. काढा. 

"गैरसोय झाली असेल तर क्षमस्व." इथे "असेल तर" घात करतं. झाली आहे, फोटो समोर आहेत. आणि "क्षमस्व" हा फलकावरचा शब्द आहे, लिफ्ट बंद असल्याच्या पाटीवर शोभतो. माणसाला "माफ करा" म्हणा. माफीच्या वाक्यानंतर "पण" किंवा "तरी" येऊ देऊ नका. माफी पूर्णविरामानं संपवा, पुढचा मुद्दा नव्या वाक्यात घ्या. माफी मागितली म्हणजे 4,800 कबूल केले असं होत नाही. "हे 11 आंबे आमच्याकडून खराब गेले, माफ करा" यात कबुली आहे ती 11 आंब्यांची, आणि ती तुम्ही पाळणारच आहात.

"पूर्ण पैसे मिळणार नाहीत." वाक्य चूक नाही, जागा चुकली आहे. जे देणार ते आधी यायला हवं, रकमेसकट आणि वेळेसकट. नकार त्यानंतर, एकदाच, कारणासह. तुमच्या उत्तरात देण्याचं काहीच नाही, म्हणून नकार भिंतीसारखा उभा राहतो. आणि "मिळणार नाहीत" असं कर्ता लपवून लिहू नका. "मी परत करू शकत नाही" म्हणा. निर्णय तुमचा आहे, तो अंगावर घ्या. "मिळणार नाहीत", "करण्यात येईल", "दखल घेतली आहे" अशा वाक्यांत माणूस दिसत नाही, मग समोरचा कार्यालयाशी भांडावं तसा भांडतो.

"ग्रुपवर टाकायचं तर टाका." धमकीला उत्तर द्यायचं नाही, तसंच तिला भिऊन रक्कमही वाढवायची नाही. त्या वाक्याचा उल्लेखच टाळा. तुमचं हे वाक्य चिडून लिहिलेलं आहे, आणि त्यांनी खरंच ग्रुपवर टाकलं तर स्क्रीनशॉट याच वाक्याचा असेल.

पाठवण्याचा क्रम असा ठेवा. आधी लगेच दोन ओळींची पोच द्या, म्हणजे रागात उत्तर द्यायची घाई उरत नाही:

> ताई, तुमचा निरोप आणि फोटो मिळाले. एकेक फोटो नीट बघून आज दुपारी 3 पर्यंत सविस्तर लिहितो. खराब आंबे टाकून दिले असतील तरी चालेल, फोटो पुरेसे आहेत.

शेवटचं वाक्य छोटं आहे, पण त्यानं मोठं काम होतं. पुरावा मागितला जाणार, कुजलेले आंबे सांभाळून ठेवावे लागणार, ही भीती त्यानं जाते. वेळ दिलीत तर पाळा. 3 म्हटलं की पावणेतीनला उत्तर गेलं पाहिजे.

मग मुख्य उत्तर:

> नमस्कार ताई.
>
> सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी मागवलेले आंबे ऐन आमरसाच्या वेळी असे निघाले, याचं मला फार वाईट वाटलं. माफ करा.
>
> सगळे फोटो पाहिले. सात आंब्यांत साका आहे. तो फळाच्या आत धरतो आणि कापल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या ठेवण्यात काही चुकलेलं नाही. चार आंबे देठाकडून कुजलेत. हे अकराही आमच्याकडे लागू.
>
> या 11 आंब्यांचे 1,100 रुपये परत करतो. पैशांऐवजी आंबे हवे असतील तर येत्या मंगळवारी एक डझन पाठवतो, पाठवण्याचा खर्च आमचा. दोन्हींपैकी काय हवं ते कळवा. पैसे म्हणालात तर आज संध्याकाळपर्यंत यूपीआयनं जमा होतील.
>
> सुरकुतलेल्या सहांपैकी एक कापून बघाल का? साल पिवळी असेल आणि वास येत असेल तर तो पूर्ण पिकलेला आहे, आज-उद्या खाऊन टाका. हिरवट असेल किंवा आत खराब निघाला तर फोटो पाठवा. येत्या बुधवारपर्यंत असे जेवढे निघतील, त्यांचेही आंब्याला 100 रुपयांप्रमाणे देईन.
>
> पूर्ण पेटीचे 4,800 मात्र मी परत करू शकत नाही, कारण बाकीची फळं चांगली निघाली आहेत. खराब निघालेल्या एकाही आंब्याचे पैसे मी ठेवणार नाही.
>
> बोलावंसं वाटलं तर याच नंबरवर संध्याकाळी 5 नंतर फोन करा.

या उत्तरात काय नाही, तेही बघा. मजुरी किती वाढली, गाडीभाडं किती, यंदा मोहोर कसा गळाला, यातलं काहीच नाही. हे सगळं खरं असेल, आणि दुसऱ्या कुठल्या संभाषणात सांगण्यासारखंही असेल. पण तक्रारीच्या उत्तरात आपल्या अडचणी आल्या की ग्राहकाला वाटतं, आता मीच याची समजूत घालायची का?

साक्याचं स्पष्टीकरण एका वाक्यात संपवलं आहे, तेही ताईंना दोषमुक्त करण्यापुरतं. त्याच वाक्याची लांबी वाढवून "हापूसमध्ये साका सर्वत्र आढळतो, कुणीही त्याची खात्री देऊ शकत नाही" असं केलंत की तेच स्पष्टीकरण सबब बनतं. कारण सांगताना स्वतःला एवढंच विचारा: हे वाक्य वाचून कुणाला हलकं वाटणार आहे, ताईंना की मला? मला असेल तर ते खोडा.

बदली डझन देऊ केला आहे, म्हणजे 11 ऐवजी 12 आंबे. तो एक आंबा तुम्हाला जड नाही, आणि सुट्या 11 आंब्यांचं पॅकिंग करणंही अवघड. पण "वर एक आंबा जास्त देतोय" असं लिहू नका. 

आणखी एक. ताई वयानं बऱ्याच मोठ्या असतील किंवा निरोपात फार दुखावलेल्या वाटत असतील तर आधी फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर माफीचा सूर ऐकू येत नाही. फोनवर पहिली दोन मिनिटं त्यांना बोलू द्या, मध्ये "हो, पण" म्हणू नका. बोलणं संपल्यावर मात्र वरचाच मजकूर लिहून पाठवा, रकमेसकट आणि तारखेसकट. तोंडी ठरलेलं पुढच्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं आठवतं आणि मग दुसरी तक्रार पहिलीपेक्षा कडू होते.

आता समजा, हे वाचूनही त्या म्हणाल्या, "मला काही ऐकायचं नाही, पूर्ण पैसेच हवेत." नेमक्या याच ठिकाणी लोक घसरतात. एकतर वैतागून पुन्हा मूळ उत्तरावर येतात, किंवा घाबरून 1,100 चे 2,000 करतात. रक्कम दबावाखाली वाढली की पहिली रक्कम प्रामाणिक नव्हती असा अर्थ निघतो, आणि पुढचा आकडा 3,000 असतो. नवं काही समोर आलं, म्हणजे आणखी खराब आंब्यांचे फोटो आले, तर रक्कम वाढवा, खुशाल वाढवा. आवाज वाढला म्हणून नको. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा छोटं असावं आणि त्यात नवीन युक्तिवाद नसावा:

> ताई, तुमचा राग मी समजतो, कार्यक्रमाचा दिवस परत येत नाही. जे आंबे खराब निघाले त्यांचे सगळे पैसे मी देतो आहे, आणि बुधवारपर्यंत आणखी निघाले तर तेही देईन. चांगल्या निघालेल्या आंब्यांचे पैसे मी परत करणार नाही. 1,100 रुपये आज पाठवतो आहे. ते घेतलेत म्हणजे तुमची तक्रार मिटली असं मी धरणार नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. "हे घ्या आणि विषय संपवा" अशी अट घातली की तुम्ही देणं लागत असलेले पैसेच सौद्यात ओढले जातात. ते 1,100 त्यांचेच आहेत, वाद मिटो वा न मिटो. बिनशर्त पाठवा. तिसऱ्यांदाही तीच मागणी आली तर सांगा, की हा माझा अंतिम निर्णय आहे, आणि तो मान्य नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तुम्ही तक्रार नोंदवू शकता. हे चिडून सांगायचं नाही. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याला हा क्रमांक द्यायला भीती नसते, आणि समोरच्यालाही ते जाणवतं.

त्यांनी गूगलवर लिहिलंच, तर तिथलं उत्तर त्यांच्यासाठी कमी आणि पुढच्या ग्राहकांसाठी जास्त असतं. तिथे हिशेब मांडत बसू नका. त्यांचा पत्ता, ऑर्डरचा तपशील, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट यातलं काहीही टाकू नका. बाजू तुमची खरी असली तरी खासगी बोलणं चव्हाट्यावर आणणारा विक्रेता कुणालाच नको असतो. एवढंच पुरे:

> ताई, तुमच्या घरच्या कार्यक्रमात आमचे आंबे खराब निघाले याबद्दल माफ करा. खराब निघालेल्या प्रत्येक आंब्याचे पैसे आम्ही परत केले आहेत. आणखी काही आंबे तसे निघाले असतील तर कळवा, त्यांचेही करू.

"परत केले आहेत" हे पैसे खरोखर गेल्यावरच लिहा.

हे सगळं या पेटीला लागू आहे. काही वेळा पूर्ण पैसेच द्यायचे असतात, आणि तिथे ठामपणा दाखवणं चूक ठरेल. निम्म्याहून जास्त आंबे खरंच खराब असतील, देवगड हापूस म्हणून दुसराच आंबा गेला असेल, किंवा ताईंनी कार्यक्रमाची तारीख आधी सांगून तयार आंबे मागितले असतील आणि तुम्ही होकार देऊन कच्चे पाठवले असतील, तर पूर्ण पैसे द्या. हा शेवटचा मुद्दा तपासून घ्या. ऑर्डरच्या वेळचं चॅट वर सरकवून वाचा. "20 तारखेला लागतील" असं त्यांनी लिहिलं असेल आणि तुम्ही अंगठ्याचं चिन्ह पाठवून होकार दिला असेल, तर वरचा मसुदा जसाच्या तसा चालणार नाही.

राहिली पेटीवरची अट. पुढची खेप भरण्याआधी ती बदला. पेटीत हाताच्या पंजाएवढं एक कार्ड टाका. त्यावर एवढं छापा: "पेटी मिळताच उघडा आणि आंबे मोजा. फुटलेले, चेपलेले किंवा कमी असतील तर 48 तासांत फोटो पाठवा. कच्चे आंबे गवतात किंवा कागदावर, एकमेकांना न दाबता, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका. रोज एकदा बघा, देठाकडे काळा पडलेला आंबा लगेच बाजूला काढा. कापल्यावर साका किंवा कुज निघाली तर पेटी मिळाल्यापासून 10 दिवसांच्या आत कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा. जेवढे आंबे खराब, तेवढ्यांचे पैसे परत." हाच मजकूर वेबसाइटवर आणि ऑर्डर घेतानाच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपातही ठेवा, कारण पैसे भरल्यानंतर पेटीत सापडलेल्या अटीला फारसं वजन नसतं. पुढच्या वेळी अशी तक्रार आली की "ऑर्डर घेताना सांगितल्याप्रमाणे खराब निघालेल्या आंब्यांचे पैसे परत करतो" असं तुम्हाला सरळ लिहिता येईल.

ताईंना आता दोन ओळींची पोच पाठवा. शुक्रवारचा निरोप आहे, त्या वाट बघत असतील.